पूर येण्याआधी: सांगलीच्या नदीकाठासाठी व्हिडिओची संहिता, आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी पुन्हा लिहिलेली

लांबी साधारण ८० सेकंद, उभी चौकट. जूनअखेरीस नदीकाठच्या गल्ल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत पाठवायचा.

संकलनासाठी: कॅप्शन चित्रातच पक्की बसवा. वेगळी फाइल फॉरवर्डबरोबर पुढं जात नाही. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं हवीत, कारण गढूळ पाण्यावर पिवळी अक्षरं हरवतात. एका वेळी दोनच ओळी ठेवा आणि त्यांच्यात अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना चिकटतात.

वरच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत ही पाटी राहील: तयारीसाठी व्हिडिओ. आजची पाणीपातळी नाही. पहिल्या खर्ड्यात हे निवेदक सांगत होता. मुका व्हिडिओ चार गटांतून फिरला की लोक त्याला आजचा पूर समजतील आणि रात्रीतून घरं सोडतील. ही पाटी कुणीही काढायची नाही.

दृश्य १. आयर्विन पूल, खांबावरची फुटांची पट्टी. कॅमेरा स्थिर.
कॅप्शन: आयर्विन पुलाची ही पट्टी बघा.
सांगलीत कृष्णेची पातळी इथं मोजतात.

दृश्य २. तीच चौकट. पट्टीशेजारी एकेक रेघ उमटते आणि तिथंच राहते.
कॅप्शन: ४० फूट: इशारा पातळी
कॅप्शन: ४५ फूट: धोका पातळी
कॅप्शन: ऑगस्ट २०१९: सुमारे ५७ फूट

निवेदनात हे तिन्ही आकडे एका दमात येत होते. आता प्रत्येक आकड्याला त्याची रेघ द्या. पुढची रेघ येण्याआधी स्वतः दोनदा वाचून बघा, तेवढा वेळ पुरे.

दृश्य ३. कोयना धरणाचे दरवाजे, लगेच नकाशा: कोयना, कराड, सांगली. निळी रेघ खाली सरकते.
कॅप्शन: कोयनेचं पाणी कराडला
कृष्णेला मिळतं.
कॅप्शन: सांगलीत ऊन असलं
तरी नदी चढू शकते.

आधी इथं फक्त पाण्याचा गडगडाट होता. तो ऐकू आला नाही तर दरवाज्यांचं दृश्य सहलीचं वाटतं, म्हणून नकाशा घातला.

दृश्य ४. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर. कोरड्या गल्ल्या, भिंतींवर जुन्या पुराच्या खुणा.
कॅप्शन: सखल भागात पाणी
४० फुटांच्या आधीच शिरतं.
कॅप्शन: थांबू नका.
आधीच सामान हलवा.

पहिलं वाक्य होतं, ‘इशारा पातळीपर्यंत थांबू नका.’ कॅप्शन तोडताना ‘इशारा पातळीपर्यंत थांबू’ एका पाटीवर गेलं आणि ‘नका’ पुढच्या पाटीवर. तेवढ्यात बोट सरकलं तर माणूस उलटंच वाचून जातो. संपूर्ण व्हिडिओत ‘नका’ आणि ‘नाही’ आपल्या क्रियापदाला सोडून दुसऱ्या पाटीवर जाता कामा नयेत.

दृश्य ५. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीत शिरते. एक दार उघडतं.
कॅप्शन: (भोंग्यावरून) नदीकाठची
घरं रिकामी करा!

जुन्या खर्ड्यात अंधाऱ्या चौकटीवर नुसता भोंगा वाजत होता. आवाजाविना ती चौकट म्हणजे बिघडलेला व्हिडिओच. रिक्षा दिसलीच पाहिजे.

दृश्य ६. हरिपूर, संगमाजवळचं घर. काकू उंबऱ्यात उभ्या राहून बोलतात.
कॅप्शन: हरिपूरच्या काकू:
पाणी बघत बसायचं न्हाई.
कॅप्शन: उजेड हाय तवरच
म्हाताऱ्यांना न् पोरांना हलवायचं.

त्यांचं आधीचं वाक्य ऐकायला फार छान होतं: ‘काढा की फोटो, पाणी थांबतंय तुमच्यासाठी!’ त्यातला टोमणा सगळा सुरात आहे. छापलं की ते फोटो काढायचं आमंत्रण होतं. म्हणून चित्रीकरणातलं त्यांचंच दुसरं, सरळ बोलणं घेतलं. बोली मात्र तशीच ठेवा. तिची पुस्तकी मराठी केली तर काकूंच्या ओठांशी अक्षरं जुळणार नाहीत आणि गावाला त्या परक्या वाटतील.

दृश्य ७. हात दाखवा, तोंड नको. मेन स्विच खाली येतो. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद होतो. रेशनकार्ड, सातबारा, औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हैस गोठ्याबाहेर.
कॅप्शन: मेन स्विच बंद. गॅस बंद.
कॅप्शन: कागदपत्रं आणि औषधं
सोबत घ्या.
कॅप्शन: जनावरांना दावणीला
बांधून जाऊ नका.

पहिली दोन कामं चित्रच सांगतं, त्यांची कॅप्शन लवकर काढा. जनावरांची जास्त वेळ ठेवा. त्यांच्यासाठी माणसं मागं राहतात, आणि मग दोघंही अडकतात.

दृश्य ८. साधी काळी चौकट, ८ सेकंद. हलणारं काहीही नको, म्हणजे नंबराचा फोटो काढून ठेवता येईल.
कॅप्शन: १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
११२ तातडीची मदत