मुलींचं हॉस्टेल, रत्नागिरी: मटेरियल बदलून खर्च आणि वेळ वाचवायचा प्रस्ताव

नमस्कार सेक्रेटरी सर, आर्किटेक्ट मॅडम,

गेल्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये ठरलं तसं सगळ्या पर्यायांचे रेट काढलेत, स्ट्रक्चरल डिझायनरशी पण बोलणं झालंय. आत्ताची परिस्थिती अशी की काम बजेटच्या 12 लाख वर चाललंय आणि 31 मे ची तारीख घसरून 20 जूनवर गेलीये, म्हणजे बाहेरचं प्लास्टर आणि रंग ऐन पावसात. कोकणात 7 जूनच्या आसपास पाऊस धरतो, त्यामुळे माझ्या मते पैशापेक्षा हे 20 दिवस जास्त महत्त्वाचे आहेत आणि खालचा प्रत्येक बदल मी आधी त्याच नजरेने बघितलाय.

सगळ्यात मोठा विषय भिंतींचा. टेंडरमध्ये सगळीकडे लाल वीट आहे, एकूण 260 घनमीटर. वीट घाटावरून येते, गाडीभाडं जबरदस्त, आणि ऑक्टोबरमध्ये मिळतो तो गेल्या सीझनचा उरलेला माल, नवीन भट्ट्या दिवाळीनंतर लागणार. तयार कामाचा रेट घनमीटरला ₹7,600 पडतोय. त्याऐवजी तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती, म्हणजे 70 घनमीटर, जांभ्या चिऱ्यात करूया (₹5,100) आणि बाकी 190 घनमीटर एएसी ब्लॉकमध्ये (₹5,900). 19.76 लाखांचं काम 14.78 मध्ये होतं.

सगळंच चिऱ्यात का नाही असं मीटिंगमध्ये विचारलं होतं, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. तर चिरा विटेपेक्षा हलका नाहीये, उलट जड भरतो आणि वरच्या मजल्याचे बीम विटेच्या वजनावर डिझाइन झालेत. तळमजल्यावर भिंतीचं वजन थेट प्लिंथ बीमवर जातं आणि तो डिझायनरने चेक करून ओके दिलाय. एएसी विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा, म्हणून वर तोच बरा. ब्लॉकवाले "स्टील वाचेल" म्हणून सांगतात, पण आपली फुटिंग आणि तळमजल्याचे कॉलम झालेत, त्यामुळे ती बचत मी धरलेली नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल तर दोन्हीची दुखणी वेगळी आहेत. एएसी पाणी पितो आणि कॉलम-बीमच्या जॉइंटला हमखास क्रॅक जातो, म्हणून तिथे प्लास्टरच्या आधी जाळी मारायलाच हवी, त्याचे 45 हजार मी बचतीतून वजा केलेत. ब्लॉक उतरवले की ताडपत्रीखाली, जमिनीपासून वर रचायचे, भिजलेला ब्लॉक लावला तर नंतर सुकताना आकसतो आणि मग जाळी असून पण भेग येते. बाथरूमच्या खालच्या दोन थरांना एएसी नको, तिथे काँक्रीटचा पट्टा टाकू. चिऱ्याला बाहेरून प्लास्टर नाही, फक्त दर्जा भरायच्या, त्यावर पाणी झटकणारा पारदर्शक कोट, तो दर चार-पाच वर्षांनी परत मारावा लागेल नाहीतर शेवाळ धरणार, हे संस्थेने आत्ताच मान्य करून ठेवावं. प्लास्टर वाचल्याचे सगळं वजा जाऊन 76 हजार. भिंतींची निव्वळ बचत 5.29 लाख आणि 12 दिवस, कारण एक ब्लॉक लावला की बऱ्याच विटांची जागा भरते आणि पातळ जॉइंटच्या मसाल्याला तराई लागत नाही.

आता छप्पर. ड्रॉइंगमध्ये उतरता आरसीसी स्लॅब आणि वर मंगलोरी कौलं आहेत, दिसायला सुंदर आहे हे मलाही मान्य. पण उतरत्या स्लॅबचं सेंटरिंग म्हणजे वेळखाऊ काम, 12.41 लाख. पर्याय असा की सपाट स्लॅब आणि वर लोखंडी ट्रसवर रंगीत गॅल्व्हल्यूमचा पत्रा, 11.04 लाख. बचत 1.37 लाखच आहे पण दिवस 16 वाचतात. आणि एक गोष्ट मॅडम, जून ते सप्टेंबर मुलींनी कपडे वाळत घालायचे कुठे? आत्ताच्या ड्रॉइंगमध्ये त्याला जागाच नाहीये, खोलीत दोऱ्या बांधणार आणि भिंतींना बुरशी. पत्र्याखालची गच्ची हा तो प्रश्न कायमचा मिटवते.

भीती एकच, वारा. 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती पत्रे उडाले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून ट्रसचे अँकर बोल्ट स्लॅब भरतानाच आत बसवायचे, नंतर ड्रिल करून नाही, कडेच्या पट्ट्यात पर्लिन जवळ घ्यायच्या आणि स्क्रू स्टेनलेसचे, कारण खाऱ्या हवेत पत्र्याच्या आधी स्क्रू सडतो. हे सगळं वरच्या रेटमध्ये धरलंय. फक्त नगरपरिषदेच्या मंजूर नकाशात उंची बदलते का ते मॅडमनी बघावं, सुधारित नकाशा लागला तर हे 16 दिवस खात्रीचे नाहीत.

रेलिंग 120 मीटर आहे, टेंडरमध्ये 304 ग्रेडचं स्टेनलेस. समुद्र दीड किलोमीटरवर, 304 ला वर्षा-दोन वर्षांत चहासारखे डाग पडायला लागतात आणि 316 आपल्या बजेटबाहेर. साधं लोखंड बनवून पूर्ण वेल्डिंग झाल्यावर हॉट-डिप गॅल्व्हनाइज करून आणायचं, साइटवर फक्त बोल्ट, कारण नंतर वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मीटरला ₹1,900 कमी, म्हणजे 2.28 लाख. वेळेवर परिणाम नाही.

व्हरांडा आणि जिना मिळून 380 चौमी, तिथे व्हिट्रिफाइड ऐवजी कोटा करावा, 1.25 लाख वाचतात. ओल्या पायांनी पळणाऱ्या मुली आणि गुळगुळीत टाइल हे मला तसंही पटलं नव्हतं. खोल्यांमध्ये टाइल तशीच राहू दे.

सिमेंटचा बदल मात्र वेळ खातो. ओपीसी ऐवजी स्लॅग सिमेंट घेतलं तर 2,600 बॅगांवर फक्त 52 हजार सुटतात, पण खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळईपर्यंत पोचायला ते चांगला अडथळा करतं. सुरुवातीची ताकद हळू येते, टेकू जास्त दिवस ठेवायचे आणि तराई कमीत कमी 10 दिवस, म्हणजे उरलेल्या दोन स्लॅबचे मिळून 8 दिवस जास्त. तरी करावं असं माझं स्पष्ट मत आहे. 12 आणि 16 वाचले, 8 गेले, निव्वळ 20 दिवस हातात, म्हणजे परत 31 मे.

एकूण 10.71 लाख, त्यातून डिझायनरची वाढीव फी 40 हजार गेली की 10.31. उरलेले 1.69 लाख मटेरियलमधून काढायला कृपया सांगू नका. एम-30 काँक्रीट, 45 मिमी कव्हर, सळई आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग याला हात लावला तर पुढे स्लॅबचे पोपडे पडतील आणि दुरुस्ती याच्या कितीतरी पट जाईल. त्यापेक्षा आवारातले पेव्हर ब्लॉक पुढच्या वर्षावर ढकलूया, तेवढ्यात गॅप भरतो.

रेट 31 ऑक्टोबरपर्यंतच धरून ठेवलेत. भिंती आणि सिमेंटची लेखी मंजुरी 25 ऑक्टोबरपर्यंत हवी, ब्लॉकची गाडी बुक केल्यावर दहा-बारा दिवस लागतात. छपराचं नकाशाचं बघून 5 नोव्हेंबरपर्यंत कळवलंत तरी चालेल, रेलिंग आणि कोट्याला डिसेंबरपर्यंत वेळ आहे. चिऱ्याचे नमुने साइटवर ठेवलेत, येऊन ठोकून बघा, पिवळट मऊ पट्टा असलेला माल मी उतरवून घेणार नाही.

— प्रोजेक्ट इंजिनिअर, हॉस्टेल साइट, 14 ऑक्टोबर