टाळ्यांचं वाक्य

करंडक इतका जड होता की शनिवार पेठेपर्यंत आम्ही तो आळीपाळीने धरला. केतकीच्या आजीला दाखवायचाच होता.

"विषय काय होता गं?" आजीने विचारलं.

"जुनी बांधकामं नव्यापेक्षा टिकाऊ असतात," केतकी म्हणाली. "आम्ही अनुकूल बाजूने."

मग तिने सगळं भाषण पुन्हा करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, समुद्राच्या लाटा झेलणारा सिंधुदुर्ग आणि त्यांच्यासमोर बांधून दहा वर्षं न होता गळणारे फ्लॅट. शेवटी तिचं ते गाजलेलं वाक्य. प्रतिकूल बाजूच्या चष्मेवाल्या मुलाने विचारलं होतं, "पण पडलेल्या वाड्यांचं काय?" आणि केतकीने ताडकन सुनावलं होतं, "पडलेले वाडे साक्षीला येत नाहीत!" सभागृह डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. परीक्षकसुद्धा हसले.

आजी हसली नाही. चकल्यांचा डबा उघडत म्हणाली, "आमचा नाही आला बाई साक्षीला. पानशेतात गेला."

१२ जुलै १९६१. धरण फुटलं तेव्हा आजी बारा वर्षांची होती. ती सांगत होती ते पुराबद्दल कमी आणि भिंतींबद्दल जास्त होतं. मातीच्या विटा पाण्यात बिस्किटासारख्या विरघळल्या, माडी आधी बसली, मग तुळया. आळीतले कितीतरी वाडे असेच बसले. "आणि शनिवारवाडा गं, तो तरी कुठे उभा आहे? आतला सगळा १८२८ च्या आगीत जळाला. तट राहिलाय."

चकली माझ्या हातातच राहिली. मी तत्त्वज्ञान घेतलंय, म्हणजे हे आधी माझ्याच लक्षात यायला हवं होतं. न्यायशास्त्रातल्या हेत्वाभासांवर सहामाहीत चौदा मार्कांचं उत्तर लिहिलंय मी.

"सव्यभिचार," मी पुटपुटले.

"काय?"

"हेतू आहे, पण साध्य नाही. आजीचा वाडा जुना होता आणि टिकला नाही. आपण फक्त उभे असलेले मोजले, केतकी. जे पडले ते दिसतच नाहीत, म्हणून जुनं सगळं टिकाऊ वाटतं. नव्या फ्लॅटांना मात्र ती चाळणी अजून लागलेलीच नाही."

केतकी भांडेल असं वाटलं होतं. हरलेल्या वादातही ती रात्रभर भांडते. पण ती करंडकाच्या दांडीवर नखाने रेघा ओढत बसली. आजी आत चहा टाकायला गेली.

"म्हणजे तो चष्मेवाला बरोबर होता," केतकी शेवटी म्हणाली.

"हं."

"त्याने त्यापुढे काहीतरी म्हटलं होतं ना? मी बोलल्यावर. अजून एक वाक्य."

मी आठवून पाहिलं. त्याचे ओठ हललेले आठवत होते, माइककडे झुकलेला आठवत होता.

"टाळ्यांत ऐकू आलं नाही," मी म्हणाले.