तपासनीस ७

रेडिओ हरवला तेव्हा अण्णांनी फारसा शोध घेतला नव्हता. बदलीच्या गडबडीत तो कुठल्याशा खोक्यात गेला आणि ते खोकं नव्या जागी पोचलंच नाही. कातडी कव्हर तेवढं मागे राहिलं, कारण त्याचा बंद तुटला होता आणि शिवायला टाकायचं म्हणून ते बाजूला काढलं होतं. निवृत्तीनंतर जुने कागद उपसताना ते कव्हर हाती आलं. आत चार घड्या घातलेला सर्किटचा कागद होता.

अण्णांनी त्याच संध्याकाळी फाइल उघडली. खरीखुरी, पुठ्ठ्याची, नाडी बांधायची. वर विषय लिहिला : ‘खिशातला रेडिओ. निर्माता कोण?’ ज्या माणसाने अख्खी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर काढली, त्याला प्रश्न पडला की आधी फाइल लागते.

डायलवरचं सोनेरी अक्षरांतलं नाव त्यांना पाठ होतं. नातीने ते मोबाइलवर शोधलं आणि नाक मुरडलं.

“आजोबा, हे लोक रेडिओ बनवतच नव्हते. टॉर्च, घड्याळं, रेडिओ, सगळं बाहेरून मागवायचे आणि आपलं नाव लावून विकायचे.”

“म्हणजे सही साहेबांची,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“मसुदा कुणाचा ते बघायला हवं.”

कचेरीतल्या पत्राखाली सही साहेबांची असते, पण डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, टंकलेखकाची आद्याक्षरं असतात. बाहेरचं कुणी तिकडे पाहत नाही, आतली माणसं आधी तेच पाहतात. अण्णांनी भिंग घेतलं आणि सर्किटचा कागद कोपऱ्यातून वाचायला सुरुवात केली. उजवीकडे खाली आराखड्याचा क्रमांक होता. वरच्या भागात वारंवारता ४५५ केसी अशी दिली होती. आता तिथे किलोहर्ट्झ लिहितात, तेव्हा कागद जुन्या वळणाचा. ट्रान्झिस्टर सहा, त्यांचे क्रमांक २एसए आणि २एसबी असे सुरू होणारे. या अक्षरांचा अर्थ अण्णांना लागला नाही. ते त्यांनी फाइलमध्ये उतरवून घेतले आणि समोर ‘तज्ज्ञाकडे पाठवणे’ असा शेरा मारला.

तज्ज्ञ म्हणजे एक म्हातारा रेडिओ दुरुस्तीवाला. त्याच्या दुकानात आता दुरुस्तीला कमी आणि बोलायलाच जास्त लोक येत. त्याने कागद पाहिला आणि उलटा करून परत दिला.

“जपानी. २एसए, २एसबी हे त्यांचेच नंबर. पहिला खिशातला ट्रान्झिस्टर अमेरिकेत निघाला, १९५४ साली, चार ट्रान्झिस्टरचा. पुढे थोड्याच वर्षांत जपानी कारखान्यांनी असा माल काढला की विचारू नका. मागवणारा म्हणेल ते नाव डायलवर छापून द्यायचे. आत माल तोच.”

“मग ओळखायचं कसं?”

“उघडून.”

त्याच्याकडे मेलेल्या रेडिओंचं एक पोतं होतं, वजनावर घेतलेलं. पुढचे कितीतरी दिवस अण्णा दुपारी तिथे जाऊन बसले. दुरुस्तीवाला मागचं झाकण काढी, अण्णा सर्किटशी ताडून पाहत. बहुतेक ठिकाणी इंजिनं भावंडं असावीत तशी सारखी : फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार, लाल डबीचं ऑसिलेटर, पुढे पिवळी, पांढरी, काळी डबी. अण्णांना हे सगळं एकसारखंच दिसे. पण एकदा दुरुस्तीवाल्याने एक हिरवट रेडिओ उघडला आणि अण्णांचं बोट आपोआप पट्टीच्या कडेला गेलं. तांब्याच्या रेघांमध्ये बारीक आकडे होते. कागदाच्या कोपऱ्यातलाच आराखड्याचा क्रमांक. डायलवर मात्र भलतंच नाव.

क्रमांकाशेजारी चौकटीत कारखान्याची खूण होती. तिचा माग काढायला नातीला दोन रात्री पुरल्या. जुन्या यादीत नाव मिळालं, कारखाना केव्हाच बंद झाला होता. तिने ते नाव फाइलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

“झालं. सापडला निर्माता.”

अण्णांनी नाव वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. “हा विभाग झाला,” ते म्हणाले. “माणूस कुठाय?”

त्यावर ती काय बोलणार? कारखान्यात हजार हात असणार, त्यातला रेडिओ बनवणारा हात कोणता, हा प्रश्नच मुळात विचारायचा नसतो. पण अण्णांनी आयुष्यात शेकडो मसुदे लिहिले होते आणि त्यांतल्या एकाखालीही त्यांचं नाव नव्हतं. त्यामुळे त्यांना तो प्रश्न अगदी साधा वाटत होता.

ते हिरवट रेडिओ घेऊन पुन्हा दुकानात गेले. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागदी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर लाल गोल शिक्का, मध्ये ७.

“तपासणी झाल्याचा शिक्का,” दुरुस्तीवाला म्हणाला. “सगळ्यात असतो.”

अण्णांनी भिंग लावलं. शिक्क्याची खालची कड गडद होती, वरची फिकट. गोल थोडा डावीकडे कललेला. लाल रंग मध्ये मध्ये तुटलेला.

“पॅड वाळलं होतं,” अण्णा म्हणाले. “नवीन शाई मागायची तर मागणीपत्र भरावं लागतं, म्हणून रेटत होता. आणि उभ्याने मारत नव्हता. बसून, हात लांब करून. जोर खालच्या कडेवर आलाय.”

दुरुस्तीवाल्याने भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. “एवढं कळतं तुम्हाला?”

“शिक्के मारलेत मी.”

मग त्याने रेडिओ बोलता करायला घेतला. बॅटरीचे टोक घासून साफ केले, सुकलेले कंडेन्सर बदलले. नऊ व्होल्टची बॅटरी लावताच आतून खरखर आली. चक्र फिरवल्यावर दूरवर कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं, पण मंद.

“ट्यूनिंग सरकलंय,” तो म्हणाला आणि प्लास्टिकचा पेचकस उचलला. “डब्यांतले गाभे थोडे फिरवले की खणखणीत होईल.”

डब्यांच्या तोंडाशी पिवळट मेण होतं. गाभा जुळला की तो हलू नये म्हणून वर थेंब सोडतात. दुसऱ्या डबीवर त्या थेंबात बोटाचा ठसा उमटला होता, अर्धाच, पण रेषा स्पष्ट. मेण गरम असतानाच कुणीतरी दाबून पाहिलं असणार.

“थांबा,” अण्णा म्हणाले.

“मेण फोडल्याशिवाय गाभा फिरणार नाही.”

“नका फोडू.”

“अहो, आवाज असाच राहील.”

“राहू दे. नीट ऐकायला घरात दुसरा आहे.”

दुरुस्तीवाल्याने पेचकस खाली ठेवला. त्याला हे पटलं नव्हतं. कामात अर्धवट सोडणं त्याला कधीच पटत नसे. झाकण लावताना तो म्हणाला, “ठसाही त्याचाच कशावरून? सातवाला नुसता तपासणारा. मेण टाकणारी बाई वेगळी असेल.”

अण्णा चमकले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, फाइल मांडीवर घेतली आणि नातीने मारलेल्या रेघेखाली लिहिलं : ‘कारखाना : निश्चित. तपासनीस क्र. ७ : नाव अप्राप्त. मेण लावणारी व्यक्ती : नव्याने निदर्शनास आली. प्रकरण प्रलंबित ठेवावे.’

मग वर पाहून त्यांनी विचारलं, “पोत्यात याच नंबरचे अजून किती असतील?”