डिलिव्हरीची नवी गाडी: लीजवर घ्यायची की विकत, पूर्ण हिशोब

दादा, वहिनी, परवा बोलणं झालं त्याप्रमाणे दोन्ही बाजू मांडून बघितल्या. आधी उत्तर सांगतो: लीजवाल्यांनी दिलेलं कोटेशन जसंच्या तसं असेल तर गाडी विकत घ्यावी, 5 वर्षांत आजच्या पैशात साधारण 29 हजार वाचतात. पण फरक छोटा आहे आणि एका अटीवर तो उलटतो, म्हणून खालचं नीट वाचा.

डिझेल, ड्रायव्हरचा पगार, विमा हे गाडी कुणाच्या नावावर आहे त्याने बदलत नाही म्हणून हिशोबात घेतलंच नाही. जे बदलतं तेवढंच घेतलं.

विकत घेतली तर आज 10 लाख जातात. टॅक्स 25 टक्के धरलाय, घसारा शिल्लक किमतीवर दरसाल 20 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी 2 लाख, मग 1 लाख 60 हजार, असं उतरत जातं. घसारा म्हणजे खिशातून गेलेला पैसा नाही, पण त्यामुळे टॅक्स वाचतो आणि तो वाचलेला टॅक्स खरा पैसा आहे: पहिल्या वर्षी 50 हजार, पाचव्या वर्षी जेमतेम 20 हजार. पाचही वर्षांचं मिळून आजच्या किमतीत 1,35,700. सर्व्हिस, टायर, ब्रेक हे सगळं आपल्या गळ्यात, 25 हजारापासून सुरू होऊन पाचव्या वर्षी 60 हजारापर्यंत जाईल असं धरलंय, टॅक्स वजा जाऊन आजचे 1,15,100. आणि 5 वर्षांनी गाडी साडेतीन लाखाला जाईल, पुस्तकात तेव्हा 3,27,680 राहिलेले असतील, वरच्या 22 हजारांवर टॅक्स भरून हातात 3,44,400.

लीजचं भाडं वर्षाला 2,30,000, सर्व्हिस त्यांच्याकडे. भाडं आगाऊ द्यायचंय, म्हणजे पहिला हप्ता आजच. इथे मी पहिल्यांदा चुकलो होतो, भाडं वर्षाच्या शेवटी जातंय असं धरलं आणि लीज 80 हजारांनी स्वस्त दिसायला लागलं, मी जवळजवळ तुम्हाला फोन करून लीजच घेऊया म्हणणार होतो. शीटमध्ये शेवटचा 1 टाकायचा राहिला होता:

```
=PV(9%,5,-230000,0,1)
=PV(9%,5,-57500)
```

पहिली ओळ भाडं, 9,75,100. दुसरी भाड्यावर वाचणारा टॅक्स, तो वर्ष संपल्यावरच मिळतो म्हणून तिथे 1 नाही, 2,23,700. वजा केल्यावर लीजचा खर्च 7,51,500. विकत घेण्याचा खर्च येतो 7,84,000. म्हणजे इथपर्यंत लीज 32 हजारांनी पुढे, आणि त्यांच्या माणसाने आपल्याला दाखवलेला हिशोब इथेच थांबतो.

पण कोटेशनच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात दोन गोष्टी आहेत. एक, वर्षाला 30 हजार किलोमीटरची मर्यादा, त्यापुढे दर किलोमीटरला 5. आपली सकाळची फेरी 70 आणि दुपारची 40, रोजचे 110, वर्षात 300 दिवस म्हणजे 33 हजार. 3 हजार किलोमीटर जास्तीचे, वर्षाला 15 हजार, टॅक्सनंतर 5 वर्षांचे मिळून आजचे 43,800. दोन, 50 हजार डिपॉझिट, परत मिळतं पण बिनव्याजी, त्यामुळे 17,500 चं नुकसान आहेच. हे दोन्ही धरले की लीज 8,12,700 वर जातं.

वहिनी, तुम्ही विचारलं होतं की यात ईएमआय कुठे दिसत नाही. मुद्दाम ठेवला नाही. बँक 12 टक्क्याने कर्ज देतेय, व्याजावर टॅक्स वाचतो म्हणून आपल्याला ते 9 टक्क्याला पडतं. ते सगळे हप्ते टॅक्स धरून 9 टक्क्यानेच आजच्या किमतीत आणले की बरोबर 10 लाखच येतात, म्हणून आज 10 लाख गेले असं लिहिलं तरी उत्तर तेच राहतं. ईएमआय पण टाकला आणि 10 लाख पण टाकले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल.

आता दादाचा मुद्दा, की धंद्यात आपण 18 टक्के कमावतो मग 9 का. यावर मी खूप विचार केला कारण सगळा निकाल यावरच फिरतो: सगळीकडे 18 लावले तर लीज तब्बल 94 हजारांनी जिंकतं. पण लीजचं भाडं हे ठरलेलं देणं आहे, धंदा चालो न चालो द्यावंच लागतं, कर्जाच्या हप्त्यासारखंच. लीज घेतलं की तेवढं कर्ज काढल्यासारखंच होतं, तेवढी उधारीची ताकद संपते, म्हणून त्याची तुलना कर्जाच्या दराशीच करायची. 18 टक्के हा दर गाडी घ्यायचीच का या प्रश्नासाठी, आणि ते तर ठरलंय. फक्त गाडीची विक्री किंमत तेवढी पक्की नाही, म्हणून तिला 9 ऐवजी 12 लावले, 3,44,400 चे आजचे 1,95,400 धरले. 9 लावले असते तर विकत घेणं अजून 28 हजारांनी स्वस्त दिसलं असतं, पण 5 वर्षांनंतरच्या भावावर मी एवढा भरवसा ठेवणार नाही.

त्या भावाचंच टेन्शन आहे खरं. साडेतीन लाखांऐवजी 2,82,000 आले की दोन्ही बाजू समान, त्याखाली गेलं तर लीज स्वस्त (पुस्तकी तोट्यावर टॅक्स वाचतो असं धरून). डिलिव्हरीची गाडी रोज थांबा-चला करत धावते, मागचा दरवाजा आणि क्लच आधी जातात, त्यामुळे ही शक्यता मी सोडून देत नाहीये. दुसऱ्या बाजूला, लीजची गाडी मधेच परत केली तर उरलेल्या भाड्याचा अर्धा दंड आहे, आणि आपली गाडी असेल तर सातव्या वर्षापर्यंत पण ओढता येते.

नफाच झाला नाही, टॅक्सच लागला नाही तर काय, हेही बघितलं. मग टॅक्सची बचत दोन्हीकडे शून्य, दर 12 टक्के, आणि विकत घेणं 62 हजारांनी पुढे. म्हणजे वाईट वर्षांत पण निकाल बदलत नाही.

आता करायचं काय. किलोमीटरची मर्यादा 35 हजार करून लेखी द्या असं त्यांना सांगू. दिली तर लीज 7,69,000 वर येतं, विकत घेण्यापेक्षा 15 हजारांनी कमी, शिवाय जुनी गाडी विकायची कटकट त्यांची, मग मी लीजच म्हणेन. मर्यादा तीच ठेवणार असतील तर भाडं 2,21,000 पर्यंत उतरायला हवं. यातलं काहीच देत नसतील तर बँकेची फाईल तयार आहे, दादा फक्त सही कर. शीट पाठवलीय, पिवळ्या रकान्यातले आकडे बदलून बघा, खास करून वहिनींनी रोजचे 110 किलोमीटर लॉगबुकशी एकदा ताडून घ्या, मी मागच्या तीनच महिन्यांचे धरलेत.