भाच्यासाठी १२ आठवड्यांचा व्यायाम आणि खुराक

आक्काचा फोन आला होता. पोरगं कंपनीतनं येतं, मोबाईल बघत अर्धी भाकरी खातं आणि झोपतं म्हणाली. वजन ४९ किलो, उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे बीएमआय १६.४. साडेअठराच्या खाली गेलं की वजन कमी धरतात आणि तू त्याच्याही बराच खाली आहेस. म्हणून सगळं एकदा नीट लिहून देतोय. हा कागद वहीत चिकटव.

पहिलं काम व्यायामाचं नाही. या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी अंग कोमट लागत असेल किंवा गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप उतरलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांग. टीबीची तपासणी तिथं फुकट होते. आत दुखणं असेल तर वरून कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही.

आता वेळेचं. उद्यमबागच्या दोन शिफ्टमध्ये तुला रोज जिमला येणं जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येकी ४५ मिनिटं बास. पहिली शिफ्ट असेल तर संध्याकाळी पाचला ये. दुसरी शिफ्ट असेल तर पुरती झोप काढून सकाळी नऊला. मधल्या दिवशी धावायचं नाही, फुटबॉल नाही, हाताचे वेगळे सेट नाहीत. तालमीत असताना मी तुझ्यासारख्याच एका बारक्या पोराला रोज पाचशे बैठका मारायला लावल्या होत्या. दम वाढला त्याचा, पण वजन हललं नाही. खुराक तेवढाच आणि कष्ट दुप्पट, मग अंग कशानं धरणार? चूक माझी होती, ती तुझ्याबाबतीत करणार नाही.

दोनच पाळ्या आहेत. एकदा पहिली, पुढच्या वेळी दुसरी, अशी आलटून पालटून. ५ चे ३ सेट म्हणजे सलग पाच रेप, म्हणजे पाच वेळा, आणि असं तीनदा.

पहिली पाळी: स्क्वॉट ५ चे ३ सेट, बेंच प्रेस ५ चे ३ सेट, वाकून बार पोटाकडं ओढणं, म्हणजे रो, ८ चे ३ सेट.

दुसरी पाळी: स्क्वॉट ५ चे ३ सेट, उभं राहून डोक्यावर प्रेस ५ चे ३ सेट, डेडलिफ्ट ५ चा एकच सेट.

स्क्वॉट दोन्हीकडं आहे, कारण मांड्या, कुल्ले आणि पाठ हे अंगातले सगळ्यात मोठे स्नायू तिथंच कामाला लागतात. सुरुवात रिकाम्या बारनं, २० किलो. आपल्या जिममधला एक बार हलका आहे, १५ किलोचा. प्रेस त्यानं कर. बेंच आणि रो २० नं, डेडलिफ्ट ३० नं. छोट्या प्लेटनं बार फार खाली बसतो, म्हणून डेडलिफ्टला प्लेटखाली बाजूचे जुने टायर घालून बार नडगीच्या मध्यापर्यंत आण.

स्क्वॉट असा बसायचा. बार मानेवर नाही, खांद्यांच्या मांसावर. पाय खांद्याएवढे, पंजे थोडे बाहेर. पोटात श्वास भरून धर, कंबर मागं आणि गुडघे बाहेर ढकलत बस, मांडी जमिनीला समांतर होईल एवढं खाली जा आणि टाचेनं जमीन दाबत ऊठ. गुडघे आत पडले किंवा टाच उचलली तर ते वजन जास्त झालं म्हणून समज. पहिले तीन दिवस मी स्वतः बाजूला उभा राहीन. वजन लावण्याआधी रिकाम्या बारनं दोन सेट करायचे, तोच तुझा वॉर्मअप. दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसून राहा, घाई करू नको.

ठरलेले सगळे रेप नीट निघाले तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. डेडलिफ्टला पहिला महिना पाच किलो. एकही वार चुकला नाही तर महिन्यात १२ वेळा स्क्वॉट होतो आणि २० वरून साडे-४७ वर जातो. ऐकायला अशक्य वाटतं, पण नवख्या अंगाला हे झेपतं. प्रेस मात्र लवकर अडकेल. अडकलं की तेच वजन ठेवून आधी ८ रेपपर्यंत ने, मग वाढव. कुठल्याही व्यायामाला लागोपाठ तीनदा रेप सुटले तर दहा टक्के वजन काढ आणि पुन्हा चढ. आठवडाभर खाडा पडला तरी हाच नियम. वेळ वीसच मिनिटं असेल तर स्क्वॉट आणि दुसरा एकच व्यायाम करून जा. पावसात गावातनं निघता आलं नाही तर घरीच जोराचे तीन सेट आणि पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन बैठका.

आता खाणं. खरी मेहनत इथं आहे, बार उचलणं त्यापुढं सोपं. रोज साधारण २६०० कॅलरी आणि ८० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे.

सकाळी उठल्यावर हे प्यायचं: ४०० मिली दूध, दोन केळी, ४० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, गुळाचा खडा, मिक्सरमधनं फिरवून. साडेसातशेच्या आसपास कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रोटीन होतं आणि चावावं लागत नाही. भूक नसलेल्याला चावण्यापेक्षा पिणं सोपं जातं. डब्यात दोन भाकऱ्या, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, शेंगाची चटणी तेल घालून. शिफ्ट सुटल्यावर तीन उकडलेली अंडी. श्रावणात आक्का घरात अंडी शिजवू देणार नाही, तेव्हा वाटीभर भाजलेले चणे आणि ताक. रात्री दोन भाकऱ्या, आमटी, भात आणि भातावर मोठा चमचा तूप, त्या एका चमच्यातच सव्वाशे कॅलरी. जेवणाआधी तांब्याभर पाणी पिऊ नको, पोट तिथंच भरतं. हे सगळं पहिल्याच दिवशी जाणार नाही. पहिला आठवडा फक्त सकाळचं दूध, दुसऱ्यात अंडी, तिसऱ्यात तूप. दूध पचत नसेल तर तेवढंच दही घे.

वजन आठवड्यातनं तीनदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी करायचं आणि तिन्हींची सरासरी वहीत लिहायची. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात एकदम किलोभर दिसलं तर हुरळू नको, त्यात पाणी आणि पोटातलं अन्न असतं. दोन आठवडे काटा हलला नाही तर व्यायाम वाढवायचा नाही, एक भाकरी आणि एक ग्लास दूध वाढवायचं. १२ आठवड्यांत ५३-५४ किलो झालास तरी मला समाधान आहे.

दुकानातली वजन वाढवायची पावडर घेऊ नको, बहुतेक डब्यांत साखर आणि स्टार्चच जास्त असतो, तेवढ्या पैशात महिन्याची अंडी येतात. कुणी गोळ्या किंवा इंजेक्शन देतो म्हणाला तर मला लगेच सांग. त्यात स्टेरॉइड असलं तर आधी तोंड सुजतं आणि लोकांना वाटतं पोरगं भरलं. यात मी तडजोड करणार नाही.

झोप सात-आठ तास. दुसऱ्या शिफ्टवरून साडेअकराला येतोस, त्यानंतर मोबाईल आक्काकडं.

रिपोर्ट आले की फोटो पाठव. सगळं ठीक असेल तर सोमवारी पाचला ये, सपाट तळाचे बूट आणि वही घेऊन. रबरी उंच टाचेचे नकोत, त्यात पाय हलतो.

तुझा मामा