‘पाण्याची वेळ’: एकाच टेकच्या लघुपटाचं नियोजन

चित्रीकरण: शनिवार १७ जानेवारी २०२६, गिरगावातली तीन मजली चाळ. राखीव दिवस सोमवार १९. मधला रविवार मुद्दाम सोडला आहे. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन असल्याने दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद असतात आणि टेम्पो वेळेत पोहोचणार नाही. तालमी १० ते १६ जानेवारी. हे टिपण कलाकारांपासून स्पॉटदादांपर्यंत सर्वांनी वाचायचं आहे, कारण या कामात एकाची चूक सगळ्यांचा टेक घालवते.

कथा सर्वांना माहीत आहे. सुमनबाई चौदा नंबरची खोली सोडून डोंबिवलीला निघाल्या आहेत. मुलगा नितीन सामान उतरवतोय आणि नळाला शेवटचं पाणी येतं. पाणी येऊन जाईपर्यंतच तिला या घरात थांबता येणार आहे. प्रेक्षकालाही तेवढाच वेळ मिळावा, म्हणून हा चित्रपट न कापता घ्यायचा. लांबी ११ मिनिटं. ती साडेअकरावर गेली तर संवाद कापू, चाल वाढवणार नाही.

प्रकाश

सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला. साडेसात ते साडेनऊ चौकात एकसारखी सावली असते, त्यानंतर पूर्वेच्या छपरावरून ऊन थेट नळकोंडाळ्यावर पडतं. म्हणजे हाती दोन तास. एक टेक ११ मिनिटांचा, सामान परत जागेवर लावायला किमान १५ मिनिटं. हिशेबाने चार टेक बसतात. पाचवा धरून चालू नये.

चौक आणि खोली यांच्या प्रकाशात पाच स्टॉपचा फरक आहे. दोन स्टॉप दिव्यांनी भरून काढायचे: मागच्या खिडकीबाहेर ३०० वॅटचा एलईडी, त्यापुढे डिफ्यूजन, आणि दाराच्या वरच्या फळीवर एक छोटा पॅनेल. उरलेले तीन आयरिसने, चौकात टी ८ आणि खोलीत टी २.८. हा बदल जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर अर्धा आणि खोलीचा उंबरठा ओलांडताना अर्धा करायचा. एकदम केला तर डोळ्याला टोचतो. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो आयएसओ बंद. २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ ८००, लेन्सपुढे ०.९ एनडी. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने या जोडीत ट्यूबचा लपलपाट येत नाही. तरी जिन्यातली आणि शेजारच्या खोल्यांतली प्रत्येक ट्यूब आदल्या दिवशी कॅमेऱ्यातून तपासावी, स्वस्त एलईडी ट्यूब दगा देतात.

कॅमेरा

एफएक्स३, २४ मिमी मॅन्युअल सिने लेन्स, गिंबल. फोकस आणि आयरिसला वेगवेगळ्या वायरलेस मोटर. फोटोची लेन्स नको, कारण बहुतेक ऑटोफोकस लेन्सच्या फोकस रिंगला ठरलेलं टोक नसतं आणि खुणा घसरतात. खोलीत टी २.८ वर दीड मीटरला फोकस ठेवला की साधारण सव्वा ते एक मीटर नव्वदपर्यंत चेहरा स्वच्छ राहतो. कलाकारांच्या खुणा या मापाने लावल्या आहेत.

ट्रान्समीटर आणि बॅटरी धरून वजन चार किलोच्या आसपास जातं. अकरा मिनिटांत आधी मनगटं थकतात, मग कमरेतला वाक जातो आणि पावलांचा हिसका चित्रात दिसू लागतो. गिंबल कलणं थोपवतो, वर-खाली होणं नाही. ते गुडघ्यांनीच शोषावं लागतं. दोन टेकनंतर ऑपरेटरला पंचवीस मिनिटांची सक्तीची विश्रांती, मग चार टेकही त्याच दोन तासांत बसतात. त्या वेळेत घाई करणाऱ्याला चीफ एडीने थांबवावं.

दिग्दर्शकाचा मॉनिटर पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला, दहा नंबरच्या खोलीत ठेवायचा. चौकात ठेवला तर दगडी भिंतींमुळे खोलीतलं चित्र तुटतं. फोकस पुलर ऑपरेटरच्या मागे सहा-सात पावलांवर चालेल, खोलीत मात्र शिरणार नाही. तो दाराबाहेर मॉनिटरवर काम करेल.

हालचाल

०:०० ते १:२०, चौक. कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर, टेम्पोचं फळकं चौकट भरून. नितीन ट्रंक ठेवतो, मागे वळतो, कॅमेरा त्याच्या पाठीशी उंच होतो.

१:२० ते २:०५, जिना. अठरा पायऱ्या, नवव्या पायरीवर वळण. जिन्यावर कॅमेरा उलटा चालणार नाही, चढतानाही नाही आणि उतरतानाही नाही. चेहरा हवा असेल तर तो वळणावर मिळेल. नितीन तिथे चपलेचा अंगठा नीट करायला थांबतो आणि अर्धा वळतो. सहायकाने ऑपरेटरचा पट्टा मागून धरायचा, ओढायचा नाही.

२:०५ ते ३:५०, गॅलरी. रुंदी फक्त एक मीटर दहा. दोन माणसं आणि कॅमेरा एकाच वेळी जाणं अशक्य. म्हणून वत्सलाकाकू अकरा नंबरच्या दारातून बाहेर येतात, नितीनशी बोलतात आणि पिंपाला पाठ लावून उभ्या राहतात. त्यांनी पदर खोचला की ऑपरेटर पुढे निघतो. पदर खोचेपर्यंत निघू नये.

३:५० ते ७:४०, खोली. दहा बाय बारा फूट, आणि सगळा चित्रपट इथेच आहे. कॅमेरा घड्याळाच्या दिशेने पाऊण वर्तुळ फिरतो: दार, लोखंडी कपाट, देव्हाऱ्याची रिकामी जागा, मोरी. कपाटाचा आरसा पंधरा अंश आत कलवला आहे, पण ऑपरेटर सव्वा फुटापेक्षा जास्त भिंतीकडे सरकला तर आरशात दिसतो. जमिनीवर मळकट कापडी पट्टीची खूण आहे, ती पायाला जाणवते. स्टीलची भांडी खोक्यात बंद, उघडी फक्त एक कळशी, तिची चकाकी घालवलेली. पाच मिनिटांवर नळाला पाणी येतं. सुमन हंडा लावते, मायलेकांचं बोलणं होतं आणि सातव्या मिनिटाला हंडा वाहू लागतो. दोघं गप्प होतात. ती शांतता कमीत कमी दहा सेकंद टिकली पाहिजे.

७:४० ते ९:१५, गॅलरी आणि जिना. नितीन गुंडाळलेली गादी खांद्यावर घेऊन लेन्ससमोरून जातो. कॅमेरा सुमनच्या मागे उतरतो. ९:१५ ते ११:००, चौक. टेम्पो निघतो. कॅमेरा टेम्पोबरोबर जात नाही, नळकोंडाळ्यापाशी थांबतो. पाणी जातं.

पाणी

महापालिकेच्या पाण्यावर टेक लावता येत नाही. दुसऱ्या मजल्यावर शंभर लिटरचं पिंप, त्यातून मोरीच्या नळाला नळी. धार मिनिटाला सहा लिटर. हंडा पंधरा लिटरचा, त्यात तीन लिटर आधीच भरलेले, म्हणजे दोन मिनिटांत तो वाहू लागतो. पिंपातली पातळी उतरली की धार मंदावते, म्हणून प्रत्येक टेकनंतर पिंप खुणेपर्यंत भरायचं. तालमीत बोलणं रेंगाळलं तर हंड्यातलं पाणी कमी-जास्त करून जुळवू, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. हंड्याच्या तळाशी फडकं बांधावं, नाहीतर धारेचा आवाज संवाद खातो. चौकातल्या नळकोंडाळ्याला वेगळी नळी आणि वेगळा माणूस.

क्यू

कोणताही क्यू घड्याळावर नाही. वेळा फक्त तालमीत मोजण्यासाठी आहेत. वरचा व्हॉल्व्ह सुमनच्या “बघ, हिसका देतंय” या वाक्यावर उघडतो. टेम्पोवाला इंजिन सुरू करतो ते सुमनचा पाय शेवटच्या पायरीवरून उतरल्यावर. घड्याळावर क्यू दिला की एक उशीर पुढच्या सगळ्यांना लागतो. कृतीवर दिला की उशीर तिथेच राहतो. दोन जागी संवाद ताणता-आखडता येतील असे लिहिले आहेत: गॅलरीत काकूंची डोंबिवलीबद्दलची चौकशी आणि खोलीत सामानाची मोजदाद. मागे काही अडलं तर त्याच दोन जागा ताणायच्या, बाकी संवाद जसेच्या तसे.

तालमी

१० तारखेला बसून वाचन, स्टॉपवॉच लावून. ११ आणि १२ला हॉलमध्ये खडूने आणि टेपने खोली-गॅलरी खऱ्या मापात आखून. या दोन दिवसांत कॅमेरा फोनचाच, म्हणजे रस्ता बदलायला कुणाला संकोच वाटणार नाही. १३ला चाळीत फोनने. १४ला संक्रांत, सुट्टी. १५ला गिंबल, पूर्ण वजनासह, आधी तुकड्यांत आणि मग सलग दोनदा. १६ला सकाळी त्याच वेळेत कपडे, पाणी, दिवे आणि आवाजासह रंगीत तालीम, रेकॉर्डिंग चालू ठेवून. १५च्या संध्याकाळनंतर रस्ता बदलायचा नाही, कितीही चांगली कल्पना सुचली तरी. फोकसच्या खुणा त्या रस्त्यावर पाठ झालेल्या असतात.

आवाज

चौघांना लेपल, बूम फक्त चौकात. कॅमेरा खोलीत फिरतो तेव्हा बूमला लपायला जागा नाही. सुमनच्या सुती साडीखाली माइक टेपने पक्का करा, पदर खोचताना घासतो.

बिघडलं तर

दीड मिनिटाच्या आत चूक झाली तर कट. पुढे झाली तर चालू ठेवायचं. वाक्य विसरलं, भांडं पडलं, शेजारचं मूल डोकावलं, तरी कलाकारांनी पात्रातच राहायचं. सलग चार टेकपैकी वापरता येणारा बहुधा अशाच एखाद्या खाचेचा असतो. “कट” दिग्दर्शक म्हणेल. सुरक्षेसाठी ऑपरेटर आणि चीफ एडीही म्हणू शकतात, त्यावर वाद नाही.

तिसऱ्या टेकपर्यंत एकही पूर्ण हाती आला नाही, तर चौथा टेक जोडाच्या तयारीने घ्यायचा. जोडाच्या दोन जागा रचनेतच ठेवल्या आहेत: जिन्याचं अंधारं वळण आणि लेन्स झाकणारी गादी. दोन्ही ठिकाणी चौकट किमान बारा फ्रेम पूर्ण काळी राहिली पाहिजे, म्हणून प्रत्येक टेकमध्ये तिथे तितकाच वेग ठेवा, जोड लागो वा न लागो. जोड दिला तर प्रसिद्धीत आणि महोत्सवाच्या अर्जात “एकाच टेकमध्ये” असं लिहायचं नाही. यावर निर्मात्यांची संमती आधीच घेतली आहे.

ऊन लवकर आलं किंवा टेम्पो बिघडला तर आखूड आवृत्ती: सुरुवात गॅलरीपासून, शेवट हंडा वाहताना खोलीतच, सुमारे साडेपाच मिनिटं. १३ तारखेला तिचीही एक तालीम घ्यायची. गिंबल बंद पडला तर खांद्यावरून, त्याच लेन्सने. हा राखीव मार्ग १५ला एकदा करून पाहावा.

साठवण: ४के, २५० एमबीपीएसने एक टेक साधारण २१ जीबी. १२८ जीबीचं कार्ड चार टेकनंतर बदलायचं, अर्धवट टेक मोजूनच. कार्ड दोन डिस्कवर उतरल्याशिवाय पुसायचं नाही.

पॅकअपपूर्वी साउंडला पंधरा मिनिटं द्यावीत: रिकाम्या खोलीची एक मिनिट शांतता, हंड्याची धार जवळून, नळाचा पहिला हिसका, टेम्पोचं इंजिन सुरू होऊन लांब जाईपर्यंत. चाळकऱ्यांना तोवर रेडिओ बंद ठेवायची विनंती समितीच्या चिटणीसांमार्फत केली आहे. नऊ पंचेचाळीसला ती मुदत संपते.