परीक्षेची तारीख पुढे ढकलण्याबाबत विनंती

सातारा
दि. ८ ऑक्टोबर २०२५

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका

विषय : सत्र परीक्षेचे दोन पेपर नंतर घेण्याबाबत.

महोदया,

माझा मुलगा अथर्व इयत्ता सातवी 'ब' मध्ये शिकतो. त्याच्या धाकट्या बहिणीच्या हृदयाला छिद्र आहे. तिची शस्त्रक्रिया १४ ऑक्टोबरला पुण्यात आहे. आम्ही दोघेही तिच्याजवळ असू, घरी अथर्वला सांभाळणारे कोणी नाही. शिवाय दादा सोबत हवा, हा तिचा हट्ट आहे आणि तो मोडवत नाही.

१४ व १५ तारखेचे त्याचे गणित आणि विज्ञानाचे पेपर कृपया दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावेत. अभ्यास झाला आहे; पुस्तकेही तो सोबत नेणार आहे. रुग्णालयाचे पत्र जोडले आहे.

आपली विश्वासू,
मनीषा जाधव
(अथर्वची आई)